फीऐवजी दोन टक्के

मिरचीवाल्याने बोलता बोलता खुर्ची माझ्या शेजारी बसलेल्या मुलीकडे वळवली, तेव्हाच माझ्या पोटात दुखायला लागलं. तोवर तो आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघून बोलत होता.

"मॅडम, तुमाले आम्ही फी नाही देऊन राहिलो," तो म्हणाला. "तुमाले आम्ही कंपनीतच घेऊन राहिलो. दोन टक्के. इक्विटी."

तिने नुसतं "ओके" म्हटलं, आणि पेनाचं टोपण काढून परत लावलं. मग त्याने मान माझ्याकडे फिरवली.

"अन् ताई, तुमचं तर फाईलचं काम. तुमची फी देऊन टाकू ना आम्ही. फक्त थोडी कमी करा."

तो भिवापूरकडचा पोरगा. इंजिनिअरिंग करून पुण्याला दोन-तीन वर्षं नोकरी केली, ती सोडून गावाकडे आला. घरची मिरची होतीच. ती दळून, झिपच्या पाऊचमध्ये भरून ऑनलाइन विकायची, असा त्याचा स्टार्टअप. तिखट, कांडलेली मिरची, सावजी मसाला, गोडा मसाला असे सगळे मिळून बारा पाऊच काढायचे होते. ब्रँडचं नाव, लोगो, रंग, पाऊचचा तोंडावळा हे तिचं काम. तिने काढलेलं चित्र पाऊचच्या मापात बसवायचं, घडी कुठे, सील कुठे, बारकोड कुठे, वजन-किंमत-पोषणमूल्याचा मजकूर किती मोठा, ते सगळं मांडून छापखान्याला चालेल अशी फाईल करायची, हे माझं. आमच्या धंद्यात तिला डिझायनर म्हणतात. मला ऑपरेटर म्हणतात.

ऑफिस तिचं होतं. महाल भागातल्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक खोली, दोन टेबलं, एक कूलर. दुसऱ्या टेबलावर मी बसायचे, तिच्याच जुन्या कॉम्प्युटरवर. मी मूळची जतकडची, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाची. नववीत शाळा सुटली. मावशीचे यजमान खापरखेड्याला वीज केंद्रात होते. मावशीच्या बाळंतपणात मदतीला म्हणून मला इकडे आणलं ते आणलंच. ते लोक निवृत्त होऊन गावी परत गेले आणि मी इथेच राहिले, कारण तोवर गांधीबागेतल्या एका छापखान्यात माऊस धरायला शिकले होते. तो छापखाना बंद पडला त्या महिन्यात ही मुलगी मला जिन्यात भेटली. कॉलेजात असल्यापासून ती फाईली दुरुस्त करून घ्यायला आमच्याकडे यायची. "काहून वं ताई, रडून राहिली का?" म्हणाली. "माझ्या ऑफिसात बस ना. टेबल रिकामंच आहे." भाडं कधी मागितलं नाही. वीजबिलाचं विचारलं की म्हणायची, "कूलर तर माझ्यासाठीच चालते."

म्हणून सांगते, हेवा करायचाच तर परक्या माणसाचा करावा. ज्याच्या कूलरखाली बसतो त्याचा हेवा करताना धड मनातल्या मनात शिवीसुद्धा देता येत नाही.

त्या दिवशी माझ्या फीवरून मिरचीवाल्याने पाऊण तास घासाघीस केली. बारा पाऊच म्हणजे बारा वेळा काम नाही, म्हणाला. एक केला की बाकीच्यांत फक्त नाव बदलायचं. मी म्हटलं, तसं नसतंय की, शंभर ग्रॅमचं माप वेगळं, पाव किलोचं वेगळं. तो म्हणाला, "ताई, तुमी तर घरच्यासारख्या. मिरचीचं एक पोतं घरी पाठवतो." ती मध्ये पडली नाही. फोनवर लोगोचे कच्चे नमुने बघत बसली. शेवटी मी म्हणत होते त्याच्या पाऊणपट रकमेवर ठरलं. अर्धे आधी, अर्धे छपाईला फाईल जाताना.

त्या पैशांवर माझा डोळा होता. मला स्वतःची मशीन घ्यायची होती. चांगला कॉम्प्युटर, आणि रंग खरा दाखवणारा मोठा स्क्रीन. तिच्या जुन्या मशीनवर लाल रंग तपकिरी दिसायचा, आणि ती एखाद दिवशी लग्न करून, नाहीतर कंटाळून, ऑफिस बंद करून गेली तर मी पुन्हा जिन्यात उभी. ही भीती मी कोणाला बोलून दाखवत नसे, पण रोज सकाळी ऑफिसचं कुलूप उघडताना ती भीती माझ्याआधी आत जायची.

जाताना मिरचीवाल्याने तिला विचारलं, "मग मॅडम, दोन टक्क्यांचं?"

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

एवढंच. मी इतकी वर्षं काम करते, पण एकाही गिऱ्हाइकाला मी "विचार करून सांगते" म्हटलेलं नाही. मी विचार करायला लागले की गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं. तिचं तसं नव्हतं. धरमपेठेत स्वतःचं घर, वडिलांची पेन्शन, डब्यात आईच्या हातची पाटवडी. ती फीशिवाय वर्षभर थांबू शकत होती. तिला दोन टक्के देऊ केले ते तिला डिझाईन येतं म्हणून, हे तर खरंच. पण तिला थांबणं परवडतं हेही त्या पोराने तिच्या सँडलवरून ओळखलं असणार. आणि मला थांबणं परवडत नाही, हेही माझ्याकडे बघून.

तो गेल्यावर ती म्हणाली, "ताई, तुझं मस्त झालं. कॅश."

"आणि तुझं?"

"अरे यार, हवा आहे सगळी," ती म्हणाली, पण तिचे डोळे चमकत होते. "पण समज, उद्या चाललं तर? आपण मालक."

ती 'आपण' म्हणाली. हिशोब मात्र एकटीचा होता.

रात्रभर मी काय विचार केला ते सांगण्यासारखं नाही. पण सगळ्यात जास्त बोचत होतं ते हे, की त्याने मला विचारलंसुद्धा नाही. मी नाही म्हटलं असतं. पण मला विचारायला हवं होतं. पाऊच छापला जाणार तो माझ्या फाईलवरून. तिचं चित्र सील होताना मिरचीच्या देठावरून कापलं जाणार होतं, ते मी सरकवणार होते. आणि मालक ती, आणि मी मिरचीच्या पोत्याची पाहुणी.

सकाळी ऑफिसला जाताना, बसमध्ये उभ्या उभ्या, मी त्याला मेसेज लिहिला. तीनदा खोडला, चौथ्यांदा पाठवला. लिहिलं होतं की मलाही कंपनीत रस आहे. फी नको. मॅडमना दोन टक्के देत असाल तर मला एक टक्का द्या.

आता बघा. माझी फी पाव हिश्शाने कमी व्हावी म्हणून या पोराने आदल्या दिवशी पाऊण तास घालवला होता. आणि या मेसेजला त्याचं उत्तर पुढचा स्टॉप यायच्या आत आलं. "डन ताई!! वेलकम टू द फॅमिली!!" खाली मिरच्यांची आख्खी माळ, हात जोडलेले, फटाके. दुपारपर्यंत त्याने पत्रही पाठवलं. त्यात लिहिलं होतं की सदर कामाच्या मोबदल्यात आपणांस फर्ममध्ये एक टक्का भागीदारी देण्यात येईल, त्यावर सही करून परत पाठवावे.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू. मी ते पत्र तिच्या टेबलावर ठेवलं, जरा जोरातच.

तिने वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. "तू मागितलं?"

"का? मी मागू नये?"

"नाही नाही, माग ना. पण ताई, तुझी मशीन?"

"होईल नंतर."

"नंतर कधी? मिरची परदेशात गेल्यावर?"

"तुझी दोन टक्क्यांची मिरची परदेशात जाते, मग माझी एक टक्क्याची जाणार नाही होय?"

ती हसली नाही. खुर्ची माझ्या टेबलाजवळ ओढून म्हणाली, "चिडू नको. सही करायच्या आधी खाली काकांना दाखवू. मी पण माझं दाखवते. मला पण यातलं काही घंटा समजत नाही."

खाली म्हणजे तळमजल्यावर आमच्या इमारतीतले सीए काका. आमच्या दोघींचे टॅक्सचे कागद तेच करायचे. मूळचे विणकर घरातले. ऑफिसच्या भिंतीवर वडिलांचा मागावर बसलेला फोटो, आणि त्याखाली स्वतः काका आकड्यांत मान घालून बसलेले. त्यांनी माझं पत्र वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "ही कंपनी आहे कुठं?"

"भिवापूरला," मी म्हटलं.

"पत्ता नाही विचारून राहिलो वं पोरी. कंपनी आहे का? प्रायव्हेट लिमिटेड? इथं तर भागीदारी फर्म लिहिलं आहे. तो अन् त्याचा भाऊ."

ती म्हणाली, "काका, तो म्हणाला पुढे प्रायव्हेट लिमिटेड करून घेऊ."

"मग शेअर पुढेच मिळतील. शेअर कंपनीत असतात. भागीदारी फर्ममध्ये शेअर नसतो, भागीदार असतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अन् भागीदार म्हणजे काय, माहीत आहे का तुले? फर्मचं कर्ज बुडालं तर बँक एक टक्का नाही विचारत. बँक तुझ्या घरी येऊ शकते, पूर्ण रकमेसाठी."

"पण मी तर नुसत्या फाईली करणार," मी म्हटलं.

"तू सही केली की तू मालक. त्यांनी काही कर्ज काढलं आहे का?"

मला माहीत होतं. घासाघीस करताना तोच म्हणाला होता की मिरची दळायचं यंत्र घेण्यासाठी बँकेत फाईल टाकली आहे. मी ते सांगितलं तर काका खुर्चीत मागे टेकून हसले. वाईट हसू नव्हतं.

"वा. नफ्यात एक टक्का अन् कर्जात पूर्ण. पोरगा चोर नाही, बरं का. इंटरनेटवरून उचलून पत्र टाइप केलं असन त्यानं. त्यालेही नसन माहीत."

मग त्यांनी तिचं पाहिलं. तिच्याकडे पत्र नव्हतंच, नुसता शब्द होता. तिला त्यांनी सांगितलं की घ्यायचंच असेल तर कंपनी नोंदवल्यावर घे, तोवर कशावर सही करू नको. शेअर कामाच्या बदल्यात मिळाले की त्यांची जी किंमत लागेल तिला सरकार त्या वर्षीची तुझी कमाई समजेल आणि टॅक्स मागेल, हातात रुपया आला नसला तरी. आणि पुढे पैसेवाला गुंतवणूकदार आला की नवे शेअर निघतील आणि तुझे दोन टक्के दोन राहणार नाहीत. ती सगळं लिहून घेत होती. "तरी घेईन काका," म्हणाली. "बाबा म्हणाले, बघू काय होते ते."

'बघू काय होते ते.' असं आमच्या घरात कधी कोणी म्हणालं नाही. आमच्याकडे काय होतं ते आपोआप दिसतं.

काकांनी मला म्हटलं, "तुले हिस्साच पायजे असन तर भागीदारी नको. विक्रीवर टक्का माग. पण बिलाच्या रकमेवर. नफ्यावर नाही. नफा म्हणजे शेवटी उरलं ते, अन् उरते किती ते त्याच्याच हातात. किती वर्षं, कोणत्या मालावर, दर तीन महिन्याले हिशोब दाखवीन का, ते सगळं लिहून घे. अन् थोडी तरी फी आधी घे. तुले माहीत आहे ना तुमचा छापखान्यातला नियम?"

माहीत होता. छापखान्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात तो नियम. पैसे आल्याशिवाय ओपन फाईल, म्हणजे बदल करता येईल अशी मूळ फाईल, द्यायची नाही. गिऱ्हाइकाला दाखवायला फिकट अक्षरांत 'नमुना' लिहिलेली प्रत पाठवायची. मी तो नियम लहान लहान लग्नपत्रिकांसाठीही पाळला होता. आणि इथे बारा पाऊचच्या फाईली एका टक्क्यावर द्यायला निघाले होते, कारण दुसरीला दोन मिळत होते.

दुसऱ्या दिवशी मिरचीवाला शहरात आला होता. आम्ही महालातच एका टपरीवर तर्री पोहे घेतले. ती नव्हती, मीच तिला येऊ नको म्हटलं होतं. मला तिच्यासमोर मागे हटायचं नव्हतं.

मी म्हटलं, "भाऊ, मला भागीदारी नको. माझी फी द्या, ठरली होती ती."

त्याचा चमचा हवेतच थांबला. "ताई, तुमीच तर म्हणल्या फी नको."

"चुकले."

"पण ते पैसे तर गेले ना आता. तुमी नको म्हणल्या म्हणून मी दळायच्या मशीनले अॅडव्हान्स देऊन टाकला." तो खरंच रडकुंडीला आला. "असं कराल तर आमी कसं करावं, ताई?"

मला इतकं वाईट वाटलं की क्षणभर म्हणावंसं वाटलं, राहू द्या, आणा पत्र, करते सही. माझा तो स्वभावच आहे. कोणी माझ्यामुळे अडचणीत आलं की मी आधी माझं सोडते. पण दळायच्या मशीनचा अॅडव्हान्स माझ्या मशीनच्या पैशातून गेला होता. त्याची मशीन येणार होती. माझी नाही.

"मग विक्रीवर टक्का द्या," मी काकांसारखा आवाज काढून म्हटलं. "या बारा पाऊचच्या विक्रीवर, दोन वर्षं. बिलाच्या रकमेवर."

"नफ्यावर देतो ना. दोन काय, तीन टक्के देतो."

"नफ्यावर नको. विक्रीवर."

तो बोटांवर मोजायला लागला. "ताई, ऑनलाइनवाले आधी त्यांचं कमिशन कापतात. कुरिअर. परत आलेला माल. जाहिरात. पाऊच. विक्रीवर तुमाले दिलं तर एखाद पाऊचवर मलेच खिशातून घालावं लागन. मलेच नाही माहीत काय उरते ते."

हे तो खरं बोलला. आणि त्या एका वाक्याने मला माझं उत्तर मिळालं. ज्याला स्वतःलाच माहीत नाही काय उरणार, त्याच्या उरण्यातला हिस्सा घेऊन मी माझ्या खोलीचं भाडं कोणाला देणार?

"मग असं करू," मी म्हटलं. "बारा नको. तुम्हाला आधी कोणते विकायचे आहेत?"

"तिखट. दोन माप. अन् सावजी मसाला."

"ते तीन मी करते. तिन्हींची फी, ठरलेल्या दराने. अर्धी आज, अर्धी फाईल द्यायच्या आधी. बाकीचे पैसे आले की करू."

त्याने बशी पुन्हा जवळ ओढली. पोह्यावरची तर्री गार होऊन वर लाल साय आली होती. मग म्हणाला, "तुमी लय कडक झाल्या ताई एका दिवसात."

"कालच झाले," मी म्हटलं. तेव्हा तो हसला, आणि तिथल्या तिथे फोनवरून अर्धी रक्कम पाठवली. पोह्याचे पैसेही त्यानेच दिले. मी देत होते, पण म्हणाला, "राहू द्या, हे तरी फॅमिलीचं."

तीन पाऊचच्या पैशांत मशीन येत नव्हती. तिच्या खोलीत, तिच्याच जुन्या कॉम्प्युटरवर, तिच्या डिझाईनचं माप बसवत मी ते तीन पाऊच केले. तपकिरी दिसणारा लाल लाल करून घ्यायला छापखान्यात तीनदा गेले. रंगाच्या नमुन्याला तो स्वतः आला, मिरचीची पूड मुठीत घेऊन, पाऊचवर धरून बघत. "हा. हाच," म्हणाला. आणि वळून तिला फोन लावला. "मॅडम, रंग एकदम परफेक्ट आला." मॅडम ऑफिसात होत्या. मी समोर उभी होते.

पुढे काही महिन्यांनी त्यांनी खरोखर कंपनी नोंदवली. तिला शेअर मिळाले. ते बघायला मी तिच्या मोबाईलवर वाकले तेव्हा तिथे नुसती एक ओळ आणि आकडा होता, पण ती ओळ पाहून मला झोंबलं, तिखट नाकात गेल्यासारखं. त्या वर्षी तिला त्या शेअरवर थोडा टॅक्सही भरावा लागला. "पैसे आलेच नाही अन् टॅक्स भरा, ये कोई बात हुई?" म्हणून ती काकांवर चिडली. काकांनी आठवण करून दिली की आपण सांगितलं होतं. मला त्या दिवशी बरं वाटलं. असं बरं वाटलं की घरी जाताना मी स्वतःसाठी जिलेबी घेतली.

पण ते एवढंच. बाकी सगळं तिच्याच बाजूने चाललं होतं. पाऊच चालले. एका प्रदर्शनात त्यांचा स्टॉल लागला. तिथे ती फाउंडरच्या शेजारी उभी राहून लोकांना भिवापुरी मिरचीचा रंग दाखवत होती, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घालून. मी गेले होते. तिने मला सगळ्यांसमोर मिठी मारली आणि म्हणाली, "ही आमची ताई, हिच्याशिवाय पाऊचच उभा राहिला नसता." लोक माझ्याकडे बघून हसले. मीही हसले. 'आमची' या शब्दात आता कंपनी होती.

मी बरोबर उत्तर दिलं होतं, हे मला माहीत होतं. काकाही म्हणायचे. तरी दर वेळी तिचा फोन वाजला, ती "बोला, हो, पुढची मीटिंग ना" म्हणत गॅलरीत गेली, की मला वाटायचं तिथे मी असते. बरोबर वागण्याने हेवा जात नाही. कुठे लिहिलं असेल तर ते खोटं आहे.

मग उरलेल्या नऊ पाऊचची वेळ आली. या खेपेला मिरचीवाला आला नाही. ती स्वतः माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली. आणि तिने पेनाच्या टोपणाऐवजी माझं माऊस पॅड कुरतडायला सुरुवात केली, तेव्हा मला कळलं की काहीतरी मागायचंय.

"ताई, नऊ पाऊच आहेत. मला तूच पाहिजे. दुसऱ्याच्या फाईलीवर माझा भरोसा नाही."

"करू की."

"पण बघ, सगळा पैसा आता मालात अडकला आहे. पुढच्या वर्षी एक गुंतवणूकदार बोलून राहिला, तो आला की..." ती थांबली. "तर मी म्हणत होती, तुला फी देण्यापेक्षा शेअर देऊ. या खेपेला खरे शेअर, ताई. प्रायव्हेट लिमिटेड. काकांना विचार. पाहिजे तर माझ्यातले थोडे तुला देते."

आता तो कागद खरा होता. भागीदारी नव्हती, बँक माझ्या घरी येणार नव्हती. माझ्या हेव्याने जे मागितलं होतं तेच आता समोर आलं होतं, आणि तेही तिच्या हातून, तिच्या वाट्यातून. तिच्या वाट्यातून आलं म्हणूनच ते गोड लागत नव्हतं. आणि घ्यावंसंही वाटत होतं. हो म्हटलं असतं तर मीटिंगचा फोन आला की मीही गॅलरीत गेले असते.

"विचार करून सांगते," मी म्हटलं.

माझ्या तोंडून पहिल्यांदा ते वाक्य निघालं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

मी खरंच विचार केला. घरी जाऊन नाही, तिथेच, तिच्यासमोर, फाईल सेव्ह करता करता. विचार एवढाच होता की आणखी एक वर्ष मी या तपकिरी स्क्रीनसमोर बसू शकते का. आणि बसले, तर वर्षाने या खोलीत कोण असेल.

"नको गं," मी म्हटलं. "फी दे. अर्धी आधी."

"माझ्याकडून पण अॅडव्हान्स?" तिला लागलं. खरंच लागलं, मी पाहिलं. "इतकी वर्षं एका खोलीत बसून राहिलो आपण, ताई."

"तुझ्याकडून नाही. कंपनीकडून."

मला वाटलं, आता म्हणेल की टेबलाचं भाडं काप. पण ती उठली, गॅलरीत जाऊन बराच वेळ फोनवर कोणाशी तरी बोलली. आत आली तेव्हा कपाळावर आठ्या होत्या. "दहा टक्के कमी कर. निदान माझी लाज राख त्याच्यासमोर."

"पाच."

"तू मिरचीवाल्यापेक्षा जास्त डेंजर आहे," ती म्हणाली, आणि त्या दिवशी संध्याकाळी पैसे आले.

त्या आठवड्यात मी सीताबर्डीला मशीन घ्यायला गेले. ती बरोबर आली, मी नको म्हणत असताना. दुकानदाराने माझ्याकडे बघून सांगितलेली किंमत मी ऐकली आणि पर्स उघडली. तिने माझा हात धरला. "थांब ना ताई." मग तिने त्याच्याशी स्क्रीनवरून, वॉरंटीवरून, कीबोर्ड फुकट द्यायचा की नाही यावरून भांडण सुरू केलं. हिंदीत, मराठीत, अधूनमधून इंग्रजीत, हसत हसत. दुकानदारही हसायला लागला. किंमत उतरत गेली, मी दोन तासांतही उतरवली नसती इतकी. दुकानाच्या काचेला टेकून मी ते बघत उभी होते. मशीन माझी होती, पैसे माझे होते, बिल माझ्या नावावर होणार होतं. आणि ती कशी बोलते ते ऐकून माझ्या पोटात पुन्हा दुखायला लागलं होतं.